फोन आपोआप टच होतोय? आधी टच कुठे पडतात ते बघा

सिडकोतल्या माझ्या दुकानात पाऊस सुरू झाला की एक तक्रार हमखास येते. "दादा, फोन हॅक झालाय. मी हात लावत नाही तरी कॉल लागतो, ॲप उघडतं, कोणाला तरी मेसेज जातो." शंभरातल्या बहुतेक वेळी हॅक वगैरे काही नसतं. टचस्क्रीनला नसलेलं बोट दिसत असतं, त्याला घोस्ट टच म्हणतात. हा त्रास जात नाही तो कशामुळे, तर गिऱ्हाईक आणि कारागीर दोघंही कारण न शोधता एकेक वस्तू बदलत सुटतात. आधी गार्ड बदलतात, मग चार्जर, मग फोन रिसेट करतात आणि शेवटी डिस्प्ले. यातलं एखादं कधी तरी लागू पडतं, पण महिन्याभरात भूत परत हजर.

हा घोळ मी स्वतः घातलेला आहे, म्हणून त्याच फोनची गोष्ट सांगतो. निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागाईतदार, त्यांचा एकच फोन माझ्याकडे तीन वेळा आला. तिन्ही वेळा मला कारण सापडलं आणि ते खरंही होतं. तरी मुळातलं दुखणं मला पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं, ते दिसायला पावणेदोन महिने लागले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ते पहिल्यांदा आले. गोडी छाटणी होऊन फुटवे निघालेले, डाऊनी रोगाच्या धास्तीने फवारण्या जोरात चालू. फोन शर्टाच्या खिशात, ब्लोअर मागे, म्हणजे दिवसभर बारीक तुषार अंगावर. पडद्याच्या उजव्या खालच्या भागात आपोआप टच होत होते. कीबोर्ड उघडला की नुसती 'ल'ची माळ. टेम्पर्ड काचेची खालची कड उचललेली होती आणि तिच्याखाली पांढरट-निळसर थर जमला होता. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचा तो रंग आमच्या भागात कुणालाही ओळखू येतो. मी काच काढली, पडदा पुसला, फोन बंद करून सुरू केला. भूत गेलं. नवी काच लावली आणि त्यांना पाठवून दिलं.

इथेच चुकलो. काच काढण्याआधी टच नेमके कुठे पडताहेत ते मी नोंदवलं नाही.

ठिपके बघायचे कसे

अँड्रॉइड फोनमध्ये यासाठी वेगळं ॲप लागत नाही. `Settings` मध्ये `About phone` उघडा आणि `Build number` वर सात वेळा टॅप करा. (काही फोनमध्ये ते `Software information` च्या आत असतं, काहींमध्ये बिल्ड नंबरऐवजी कंपनीच्या सिस्टिमच्या व्हर्जनवर टॅप करावं लागतं.) त्यानंतर `Developer options` दिसू लागतं. त्यात `Input` या भागात `Pointer location` आहे, ते चालू करा. पडद्याच्या वर एक पट्टी येते. तिच्यात `P` म्हणजे फोनला आत्ता किती बोटं दिसताहेत तो आकडा, आणि `X` व `Y` म्हणजे बोट कुठे आहे ते. बोट फिरवलं की मागे रेघ उमटते.

आता फोन लाकडी टेबलावर ठेवा, चार्जर काढा, ऑटो-रोटेट बंद करा आणि हात मागे घ्या. रोटेट बंद करायचं कारण असं की पडदा आडवा झाला की X आणि Y ची अदलाबदल होते आणि मग तुमच्या नोंदी जुळत नाहीत. पाच मिनिटं नुसतं बघा. नवा टच पडला की जुनी रेघ पुसली जाते, म्हणून दुसऱ्या फोनने त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. मग सावकाश थांबवत थांबवत बघता येतो.

हात न लावता भुताटकी झाली नाही, तर बोटाने पडद्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेघा ओढा, अगदी हळू, बोट न उचलता. रेघ कुठे तुटते, कुठे बाजूला उडी मारते, ते बघा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डायलरवर `*#0*#` आणि शाओमीमध्ये `*#*#6484#*#*` दाबून कंपनीची चाचणी उघडते, तिच्यातही टचचे चौकोन रंगवून बघता येतात. मला मात्र पॉइंटरच आवडतो, कारण तो आकडे देतो.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी एक पाऊल पुढे जायला हरकत नाही. डेव्हलपर ऑप्शनमधलं `Wireless debugging` चालू करून (अँड्रॉइड ११ पासून आहे) वायफायवरून जोडा आणि लॅपटॉपवरून फोनला हुकूम देणाऱ्या `adb` या साधनाने हे चालवा:

```
adb shell getevent -lt
```

टच झाला की अशी ओळ येते:

```
[ 5120.318204] /dev/input/event3: EV_ABS ABS_MT_POSITION_X 0000037d
```

शेवटचा आकडा सोळाच्या पायावरचा आहे. `37d` म्हणजे ८९३. वायफायवरूनच जोडा असं म्हणतोय त्याला कारण आहे. यूएसबी केबल लावली की फोनला लॅपटॉपची जमीन, म्हणजे अर्थिंग, मिळते, आणि जे भूत आपण शोधतोय ते नेमकं तेव्हाच गायब होतं किंवा नवंच उगवतं.

याच चाचणीने हॅकची शंकाही बरीचशी मिटते. स्क्रीन शेअर करणारं किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेतलेलं एखादं ॲप बटणं दाबत असेल, तर ते टच सिस्टिमच्या वरच्या थरातून येतात, टचच्या चिपकडून येत नाहीत. त्यामुळे पडद्यावर हालचाल दिसते पण `getevent` गप्प असतं. असं झालं तर मात्र नेट बंद करा, ते ॲप काढा आणि बँकेला फोन लावा. त्या वेळी डिस्प्लेवाल्याकडे येऊन उपयोग नाही.

ओल, आणि पुसल्यावर वाढणारं भूत

पडद्याच्या काचेखाली उभ्या-आडव्या पारदर्शक वाहक रेषांची जाळी असते. एका दिशेच्या रेषांमधून बारीक सिग्नल सोडला जातो, दुसऱ्या दिशेच्या रेषा तो ऐकतात. बोट जवळ आलं की ते थोडा सिग्नल ओढून घेतं आणि त्या छेदापाशी सिग्नल कमी पडतो. रिकाम्या पडद्याचं माप टचच्या चिपने पाठ केलेलं असतं, त्याला बेसलाइन म्हणतात. चिप सतत आत्ताचं माप आणि ही बेसलाइन ताडून बघते. ठरलेल्या हद्दीपेक्षा जास्त फरक दिसला की ती म्हणते, बोट आलं. ऊन-थंडीने मापं हळूहळू सरकतात, म्हणून ती बेसलाइनही हळूहळू सरकवत राहते.

आता पाण्याचा एकटा थेंब घ्या, ज्याला हात लागलेला नाही. तो सिग्नल ओढून घेत नाही, उलट दोन रेषांमधला पूल होतो आणि सिग्नल वाढवतो. चिपला ते बोट वाटत नाही. पण थेंब बराच वेळ तसाच राहिला तर वाढलेलं माप हेच नेहमीचं माप असं ती धरून बसते. मग तुम्ही रुमालाने थेंब पुसता. सिग्नल पुन्हा मूळ पातळीवर येतो, म्हणजे चिपच्या हिशोबाने एकदम कमी होतो, आणि जिथे थेंब होता तिथे तिला बोट दिसू लागतं. "पुसलं तर जास्तच झालं" असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं.

यावर उपाय साधा आहे. पडदा कोरडा करा, पॉवर बटणाने स्क्रीन बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबून चालू करा. बहुतेक फोन जागे होताना बेसलाइन नव्याने घेतात. त्या क्षणी पडद्यावर अंगठा ठेवू नका, नाहीतर अंगठाच बेसलाइनमध्ये जाईल.

गार्डखालची ओल वेगळी. वरून कितीही पुसा, ती आतच राहते. तिची खूण अशी की भुताचे ठिपके काचेच्या उचललेल्या कडेजवळ विखुरलेले दिसतात, त्यांना सरळ रांग नसते, आणि पहाटे किंवा पावसात वाढतात. फवारणीचा सुकलेला थर एकटा फारसं काही करत नाही, पण रात्रीचं दव त्याला ओलं करतं आणि मग त्यातले क्षार वीज वाहू लागतात. अशा वेळी काच काढायलाच हवी. शंभर-दीडशेची काच वाचवायला दिवसभर भुताशी झुंजू नका.

काचेची आणखी एक गंमत. काही फोनमध्ये `Touch sensitivity` नावाचं बटण असतं, जाड काच लावल्यावर टच नीट लागावा म्हणून. दुकानदार काच लावताना ते चालू करून देतो. पुढे काच काढली तरी ते चालूच राहतं, आणि मग नागड्या पडद्यावर चिप नको तितकी हळवी होते. घामट हवा, ओला हात, एवढंही तिला बोट वाटतं. काच काढलीत की हे बटण बंद करा.

तांदळाचं काय ते एका वाक्यात सांगतो: फोन तांदळात ठेवल्याने आतली ओल निघत नाही, पोर्टमध्ये कणी आणि भुकटी जाते, तेव्हा तांदूळ कुकरमध्येच बरे. हेअर ड्रायरही नको, त्याच्या गरम हवेने कडेचा गोंद सुटतो.

रात्री अकराला व्यापाऱ्याला फोन

नऊ दिवसांनी बागाईतदार परत आले. आता भूत फक्त रात्री येत होतं. अकरा वाजता त्यांच्या फोनवरून एका व्यापाऱ्याला तीनदा कॉल गेला, आणि त्याला वाटलं द्राक्षांच्या भावासाठी शेतकऱ्याचा जीव चाललाय. दुकानात अर्धा तास फोन समोर ठेवला, एक ठिपका नाही. मी विचारलं, "रात्री काय वेगळं असतं?" म्हणाले, "काही नाही हो दादा, चार्जिंगला लावतो आन् रील बघत पडतो."

चार्जर आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा कॉलेजला येताना घेऊन आला. फोनबरोबरचा चार्जर हरवला होता, हा आठवडे बाजारातून घेतलेला होता, हातात घेतला तर पिसासारखा हलका. लावल्या लावल्या मी फोनच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवलं आणि झिणझिण जाणवली. आपण म्हणतो ना, फोनला करंट येतो, तसं.

चार्जरच्या आत घरातली वीज आणि फोनकडची पाच व्होल्टची बाजू वेगळी ठेवलेली असते, पण आवाज दाबायला दोन्हीमध्ये एक बारीक कपॅसिटर असतो. त्यातून थोडी वीज झिरपते आणि जमीन नसलेला सगळा फोन विजेच्या तालावर वरखाली होत राहतो. चांगल्या चार्जरमध्ये हा गोंगाट आवरलेला असतो, हलक्या चार्जरमध्ये तो तसाच फोनमध्ये येतो. तुम्ही मात्र जमिनीशी जोडलेले आहात. म्हणून बोट पडद्याला टेकताच हा सगळा गोंगाट बोटाखालच्या ऐकणाऱ्या रेषेत शिरतो, आणि त्या एका रेषेवर चिपला जिथे तिथे बोटं दिसतात.

त्यामुळे चार्जरच्या भुताची खूण पक्की आहे. हात न लावता फोन ठेवला तर तो शांत असतो. बोट टेकलं की त्याच बोटाच्या सरळ वर-खाली, किंवा त्याच्या आडव्या ओळीत, जादा ठिपके पडतात. बोट दुसरीकडे नेलं की भूतही त्याच्या मागे जातं. मग चार्जर काढून पॉवर बँक लावा. पॉवर बँकेला भिंतीतल्या विजेशी नातंच नाही. तिच्यावर फोन चार्ज होत असताना भूत आलं नाही, तर दोष चार्जरचा. मी तसंच केलं, ठिपके थांबले. मुलाला धड चार्जर दिला आणि जुना ठेवून घेतला, अजून ड्रॉवरमध्ये आहे. शिकाऊ पोरांना झिणझिण दाखवायला बरा पडतो.

मी खूश. दुसऱ्यांदाही कारण सापडलं होतं आणि दुसऱ्यांदाही ते खरं होतं.

निफाडची थंडी आणि ६० पिक्सेलची पट्टी

डिसेंबरच्या मध्यात तिसरी खेप. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, थंडीच्या बातमीत ते नाव असतंच. पहाटे बागेत शेकोटी करून धूर करायला बाहेर पडले की फोन वेडा व्हायचा, आणि दहा वाजेपर्यंत खिशात गरम झाला की शहाणा. चार्जर लावलेला नाही, काच स्वच्छ.

या वेळी मी आधी पॉइंटर लावला. फोन तासभर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवला, झिपच्या पिशवीत, हवा काढून. (बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार फोनवर दव धरतं आणि आपण नवंच भूत तयार करतो.) पिशवीतूनच बघत बसलो. चार मिनिटांत ठिपके सुरू झाले. Y वरपासून खालपर्यंत कुठेही, पण X मात्र ८७० आणि ९३० यांच्या बाहेर एकदाही गेला नाही.

हा आकडा मोलाचा आहे. पडदा १०८० पिक्सेल रुंद, मापाने साधारण ६८ मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला १६ पिक्सेलच्या आसपास. ६० पिक्सेलची पट्टी म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर. टचच्या जाळीतल्या दोन रेषांमधलं अंतर साधारण एवढंच असतं. म्हणजे पाणी नाही, चार्जर नाही, ॲप नाही. एक उभी रेषा आजारी होती. तिरकी रेघ ओढली तर ती बरोबर त्याच पट्टीत तुटत होती. तीच जागा आपोआप टच होते आणि तीच जागा खरं बोट ओळखत नाही, अशी जोडी जुळली की दोष हार्डवेअरमध्ये आहे हे धरून चाला.

ही आजारी रेषा तीन ठिकाणी आजारी असू शकते: खुद्द पडद्यात, पडद्यापासून बोर्डाकडे येणाऱ्या स्ट्रिपच्या कनेक्टरमध्ये, किंवा बोर्डावर. हे वेगळं करायला एक हलकी चाचणी आहे. ठिपके पडत असताना फोनच्या खालच्या भागावर मागून-पुढून अंगठ्याने हलका दाब द्या. दाबल्यावर भूत वाढलं किंवा थांबलं तर सांधा सैल आहे. पण ही चाचणी करण्याआधी फोन सपाट टेबलावर ठेवून बघा, तो गोल दगडासारखा डुलतो का, पडद्याची कड मधोमध उचललेली आहे का. तसं असेल तर आतली बॅटरी फुगलीय आणि तीच पडद्याला मागून ढकलतेय. तो फोन दाबायचा नाही, चार्जही करायचा नाही, बंद करून सरळ बॅटरी बदलायला न्यायचा.

आमच्या फोनची बॅटरी ठीक होती, आणि दाबल्यावर भूत थांबत होतं. उघडला. डिस्प्लेची स्ट्रिप खालून वळून जिथे कनेक्टरला बसते तिथे एका कोपऱ्यात हिरवट बुरशीसारखं कीट धरलं होतं. ऑक्टोबरातला तोच तुषार चार्जिंग पोर्टाच्या वाटेने आत गेला होता आणि दोन महिने बसून पिना खात होता. थंडीत धातू आणि प्लास्टिक वेगवेगळं आक्रसतं, आधीच अर्धवट टेकलेली पिन सुटते. गरम झालं की परत टेकते. पहाटे भूत, दहाला शांत, याचा उलगडा तिथे झाला.

मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कनेक्टरच्या दोन्ही बाजू घासल्या, वाळू दिल्या, पुन्हा बसवल्या. हे काम घरी करू नका. बॅटरीचा कनेक्टर आधी न काढता डिस्प्लेची स्ट्रिप उचकटली तर बॅकलाइटचं सर्किट जळतं, ते मी इतरांच्या फोनवर पाहिलंय. शिवाय फोन एकदा उघडला की कंपनीचा पाणीरोधक गोंद गेला, तो पहिल्यासारखा परत बसत नाही.

मी त्यांना तेव्हाच सांगितलं, की पिन खाल्ली गेलीय, साफ करून किती दिवस जातील भरवसा नाही. तीन आठवडे गेले. जानेवारीत तीच पट्टी परत, तेच ८७० ते ९३०.

डिस्प्ले बदलताना

पूर्वी वरची टचची काच वेगळी मिळायची, ती बदलली की काम भागायचं. आता बहुतेक फोनमध्ये टचची जाळी डिस्प्लेच्याच थरात असते, त्यामुळे अख्खा फोल्डर, म्हणजे टच आणि डिस्प्ले मिळून एकच संच, बदलावा लागतो. "फक्त टच बदलून देतो" असं कोणी म्हणालं तर आधी तुमच्या मॉडेलला टच वेगळा येतो का ते विचारा. स्वस्तातला कॉपी फोल्डर घेतला तर त्यावरची टचची चिप वेगळी असते आणि हलक्या चार्जरचा गोंगाट तिला मुळीच सोसत नाही. म्हणजे पट्टीचं भूत घालवून चार्जरचं भूत घरी आणाल. बसवायच्या आधी फोल्डर नुसता कनेक्टरला जोडून, गोंद न लावता, पॉइंटरवर रेघा ओढून बघू द्या असा आग्रह धरा. चांगला कारागीर नाही म्हणत नाही.

आणि फोल्डर बदलूनही पट्टी गेली नाही तर दोष बोर्डावर. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे आयफोन ६ प्लस. त्यात टचची चिप मुख्य बोर्डावर होती, आणि फोन पडून, वाकून तिच्याखालचे सोल्डरचे टाके तडकायचे. अॅपलने नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यासाठी वेगळी दुरुस्ती योजना काढली. तिथे डिस्प्ले कितीही बदला, उपयोग नव्हता.

कॅलिब्रेशनबद्दल लोक फार विचारतात. प्ले स्टोअरवरची 'टच दुरुस्त करा' छापाची ॲप ठिपक्यांवर टॅप करायला लावतात आणि हिरवी खूण दाखवतात. ती चिपच्या बेसलाइनपर्यंत पोचतच नाहीत. चार कोपऱ्यांवर टोचून कॅलिब्रेट करायची पद्धत नखाने किंवा काडीने दाबायच्या जुन्या रेझिस्टिव्ह पडद्यांची, २००८ च्या नोकिया ५८०० च्या जमान्यातली. आजचा पडदा स्वतःच कॅलिब्रेट होतो, तुम्ही फक्त कोरड्या पडद्यावर स्क्रीन बंद-चालू करायची. फॅक्टरी रिसेटनेही तुटलेली पिन जुळत नाही, फोटो मात्र जातात. अपवाद एकच: सिस्टिम अपडेट घेतल्याच्या दिवसापासून भूत सुरू झालं असेल, तर टचच्या चिपचं फर्मवेअर बदललेलं असू शकतं, तिथे पुढच्या अपडेटची वाट बघणं शहाणपणाचं.

भूत अंगात आलेला फोन दुरुस्तीला देईपर्यंत त्यात एक धोका असतो: तो स्वतःच चुकीचा पिन टाकत बसतो आणि कुलूप लांबत जातं. ओटीजीचा जोड आणि कॉम्प्युटरचा साधा माऊस लावा, पडद्यावर बाण येतो, त्याने बॅकअप घ्या. यूपीआयचं ॲप मात्र त्या काळात उघडूच नका.

बागाईतदारांचा फोल्डर बदलला, फोन आता ठीक आहे. पण त्यानंतर एका रात्री मला आठवलं की ऑक्टोबरात पहिल्यांदा येण्याआधी त्यांनी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला होता, "बघा कसं होतंय" म्हणून. तो शोधून सावकाश पाहिला. कडेजवळच्या ठिपक्यांचा पसारा होता, ओलीचा. पण कीबोर्डवर जी 'ल'ची माळ पडत होती ती कडेजवळ नव्हती. मी त्यांच्याकडून त्याच कीबोर्डचा स्क्रीनशॉट मागवला आणि त्या कळीची जागा मोजली. X ८९३.

आता काच काढायच्या आधी मी पॉइंटर लावतो आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ गिऱ्हाइकाच्याच फोनवर पाठवून ठेवतो. बागाईतदार या मोसमात फवारणीला जाताना फोन ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवतात, डब्यात घालून. डबा चिवड्याचा आहे, त्यामुळे स्पीकरला तेवढा तेलाचा वास येतो.